ऑर्डर कुणाला पडते?

रात्री साडेआठच्या सुमारास पुण्यात कोथरूडला किंवा मुंबईत अंधेरीला एखाद्या चालत्या हॉटेलाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं, तर तिथल्या रायडर पोरांची एक तक्रार हमखास कानावर येते. 'मी दारातच उभा होतो, तरी ऑर्डर दुसऱ्याला पडली. तो दीड किलोमीटरवरून आला आणि पार्सल घेऊन गेला.' मग यावर चर्चा सुरू होते. एक म्हणतो, तुझा आयडी जुना झालाय, नव्या आयडीला जास्त ऑर्डर पडतात. दुसरा म्हणतो, काल तू दोन ऑर्डर नाकारल्यास, त्याची शिक्षा चालू आहे. तिसरा फोन बंद करून पुन्हा चालू करायचा सल्ला देतो. चौथ्याच्या मते समोरच्या झाडाखाली उभं राहिलं की ऑर्डर लवकर पडते. टीमलीडरला विचारावं तर तोही 'सिस्टिम करते, आपल्या हातात नाही' एवढंच सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

या चौघांपैकी कोण बरोबर, हे त्यांना कळायला मार्ग नाही. माझ्या मते खरी तक्रार इथून सुरू होते. काम कमी मिळालं हे दुःख आहेच, पण ते का कमी मिळालं हे कळत नसल्यामुळे पुढच्या दिवशी काय वेगळं करायचं तेही ठरवता येत नाही. माणूस मग झाडाखाली उभा राहतो.

कामाचं वाटप करणारी ही यंत्रणा आतून कशी चालते, हे बऱ्याच अंशी उघड आहे. कंपन्यांचे अभियंते त्याबद्दल जाहीरपणे लिहितात, परिषदांमध्ये बोलतात. एका विशिष्ट कंपनीचं नेमकं गणित बाहेर येत नाही, पण ढाचा सगळीकडे साधारण सारखा असतो. तो समजून घेतला की दारात उभ्या असलेल्या मुलाला ऑर्डर का पडली नाही, याची काही अगदी निरुपद्रवी कारणं दिसतात. आणि ती बाजूला काढल्यावर जी उरतात, ती विचारण्यासारखी असतात.

सर्वांत जवळच्या माणसाला काम द्यावं, असं आपल्याला सहज वाटतं. सुरुवातीच्या काळात अ‍ॅपही तसंच करत. पण त्यात एक अडचण आहे. समजा, संतोष आणि इम्रान असे दोघे रायडर मोकळे आहेत आणि एकाच वेळी दोन ऑर्डर आल्या आहेत: एक बिर्याणीची, एक डोशाची. संतोष बिर्याणीच्या हॉटेलापासून २ मिनिटांवर आहे आणि डोशाच्या हॉटेलापासून ३ मिनिटांवर. इम्रान बिर्याणीपासून ४ मिनिटांवर आहे, पण डोशापासून तब्बल १२ मिनिटांवर. बिर्याणीची ऑर्डर जवळच्याला म्हणजे संतोषला दिली, तर डोशासाठी इम्रानला १२ मिनिटं गाडी हाकावी लागेल. दोघांची मिळून १४ मिनिटं झाली. उलट केलं, संतोषला डोशाकडे आणि इम्रानला बिर्याणीकडे पाठवलं, तर ३ आणि ४ मिळून ७ मिनिटं. निम्मा वेळ वाचला.

म्हणून आता बहुतेक मोठ्या यंत्रणा आलेली ऑर्डर लगेच वाटत नाहीत. काही सेकंद थांबतात, तेवढ्या वेळात जमलेल्या ऑर्डरी आणि मोकळे रायडर यांची एकत्र जुळणी करतात, आणि एकूण बेरीज कमीत कमी येईल अशी वाटणी निवडतात. टॅक्सीच्या अ‍ॅपमध्येही हीच पद्धत आहे. प्रत्यक्षात दोन रायडर आणि दोन ऑर्डर नसतात, शेकडो असतात. पण तत्त्व हेच.

आता हे संतोषच्या जागी उभं राहून बघा. तो बिर्याणीच्या हॉटेलासमोरच होता. त्याच्या डोळ्यांदेखत इम्रान लांबून आला आणि बिर्याणी घेऊन गेला. डोशाची ऑर्डर संतोषला पडली, हे खरं. पण ती पडली म्हणूनच बिर्याणी गेली, हा संबंध त्याला दिसत नाही. त्याला फक्त आपला फोन दिसतो. इम्रान डोशापासून १२ मिनिटांवर होता, हे त्याला कधीच कळणार नाही. या अपारदर्शकतेत कुणाचा कावा नाही, ती वाटपाच्या पद्धतीतच आहे: निर्णय सगळ्यांकडे एकत्र बघून होतो आणि प्रत्येकाला त्यातला स्वतःपुरता एक तुकडा दिसतो.

दुसरं निरुपद्रवी कारण स्वयंपाकघरात असतं. ऑर्डर आल्यापासून पदार्थ तयार व्हायला किती वेळ लागेल, याचा अंदाज यंत्रणा बांधते. त्या हॉटेलात त्या पदार्थाला, त्या वाराला, त्या वेळी आजवर किती वेळ लागला यावरून. बिर्याणीला अजून १५ मिनिटं लागणार असतील, तर दारातल्या माणसाला ती आत्ताच दिली तर तो १५ मिनिटं अडकून पडेल. त्याऐवजी यंत्रणा थोडी थांबते आणि आठ मिनिटं उरली असताना आठ मिनिटांवरच्या रायडरला ती देते. दारातला माणूस शेजारच्या हॉटेलात तयार असलेल्या पार्सलसाठी मोकळा ठेवला जातो. ते पार्सल आलं तर ठीक. नाहीच आलं तर तो नुसताच बसून राहतो. शिवाय तिसरी शक्यता असते: इम्रानकडे त्याच वाटेवरची एक ऑर्डर आधीच होती आणि दुसरी त्याच्याच पिशवीत बसवली गेली. ज्याच्या हाताला काम आहे त्यालाच आणखी काम आणि रिकामा तो रिकामाच, असं यामुळे दिसतं.

आणि चौथं कारण फोनमध्ये असतं. 'मी दारात होतो' हे रायडरला माहीत आहे. यंत्रणेला माहीत असते ती फोनने शेवटची पाठवलेली जागा. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की अनेक फोन मागच्या बाजूला चालणाऱ्या अ‍ॅपचं लोकेशन पाठवणं थांबवतात. मग रायडर हॉटेलाच्या दारात आणि यंत्रणेच्या हिशेबात तो अजून मागच्या ग्राहकाच्या सोसायटीत. उंच इमारतींच्या मध्ये लोकेशन शे-दीडशे मीटर इकडे तिकडे सरकतं. कधी अंतर रस्त्याने न मोजता सरळ रेषेत मोजलेलं असतं. डोंबिवलीत पूर्वेकडच्या माणसाला पश्चिमेचं हॉटेल रेषेत तीनशे मीटर आणि पुलावरून जायचं तर दोन किलोमीटर असू शकतं. यातल्या पहिल्या गोष्टीची तपासणी रायडर स्वतः करू शकतो. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी कायमची दिली आहे का आणि बॅटरीच्या बंधनातून त्याला वगळलं आहे का, हे फोनच्या सेटिंगमध्ये बघता येतं. फोन बंद करून चालू केल्यावर ऑर्डर पडते, या समजुतीत थोडं तथ्य आहे ते असं. झाडाचं मात्र काही सांगता येत नाही.

इथपर्यंत सगळं गणिताचं झालं. पण मघाशी मी 'बेरीज कमीत कमी' असं सहज म्हणून गेलो, त्या शब्दांपाशी थांबायला हवं. कशाची बेरीज?

उदाहरणात मी मिनिटं धरली. कंपनी काहीही धरू शकते. ग्राहकाला होणारा उशीर, रायडरला द्यावे लागणारे किलोमीटरचे पैसे, ऑर्डर रद्द होण्याची शक्यता, रायडर नकार देईल याची शक्यता. यांतल्या प्रत्येकाला किती वजन द्यायचं, हे कुणीतरी माणूस टेबलाशी बसून ठरवतो. ग्राहकाचं एक मिनिट उशिरा जाणं म्हणजे किती रुपये, हा आकडा निसर्गात सापडत नाही. आणि बेरजेत एखादी गोष्ट धरलीच नाही, तर यंत्रणेच्या दृष्टीने ती फुकट असते. रायडरने ऑर्डरविना घालवलेली चाळीस मिनिटं या बेरजेत आहेत का? त्याला पैसे जर फक्त ऑर्डरमागे मिळत असतील, तर कंपनीला त्या चाळीस मिनिटांचा खर्च शून्य आहे. ती न धरणं हे गणिताला सोयीचं आहे. मग एकाच चौकात एकाला तासात चार ऑर्डर आणि दुसऱ्याला एकच, असं होत राहिलं तरी यंत्रणेला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. एकूण बेरीज उत्तमच आहे.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. गोदीत जहाज आलं की माल उतरवायला कुणाला घ्यायचं, हे पूर्वी टोळीवाले ठरवत. माणसं पहाटे येऊन उभी राहत, टोळीवाला बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे रिकाम्या हाताने घरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला, त्याखाली मुंबईत गोदी कामगार मंडळ आलं, आणि राखीव ताफ्यातल्या नोंदणीकृत कामगारांना पाळीपाळीने काम द्यायचा नियम लिहिला गेला. हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरीचा भत्ता मिळू लागला. म्हणजे वाट बघण्याला किंमत आली. पाळीची पद्धत अन्न पोचवण्याच्या धंद्यात जशीच्या तशी चालणार नाही. नंबर लागला म्हणून वाकडच्या माणसाला हडपसरला पाठवलं तर ग्राहकाचं जेवण थंड होईल आणि त्या माणसाचं पेट्रोल जळेल. तेव्हा जुनं तेच चांगलं असं मला म्हणायचं नाही. पण कामाचं वाटप हा मजुरीइतकाच सेवाशर्तीचा भाग आहे, आणि त्याचा नियम लिहून भिंतीवर लावता येतो, हे या शहराने पाऊणशे वर्षांपूर्वी मान्य केलेलं आहे.

गणिताच्या वर कंपनीचे नियम येतात, आणि खरी अपारदर्शकता तिथे दाट होते. कुणाला स्लॉट आधी निवडता येईल, कोणत्या श्रेणीच्या रायडरला गर्दीच्या वेळी प्राधान्य, किती नकारांनंतर किती वेळ ऑर्डर बंद. हे नियम कसे वागतात याचा जगातला सर्वांत चांगला अभ्यासलेला नमुना इटलीत बोलोन्या शहरात आहे, कारण तो कोर्टात तपासला गेला.

तिथे डिलिव्हरू या कंपनीचे रायडर दर सोमवारी पुढच्या आठवड्याचे स्लॉट निवडत. निवड तीन वेळांना उघडायची: सकाळी अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी पाच. ज्यांचे गुण चांगले त्यांना अकराला प्रवेश. संध्याकाळी पाचपर्यंत चांगले स्लॉट संपलेले असायचे. गुण दोन गोष्टींवरून ठरत. एक म्हणजे विश्वासार्हता: स्लॉट घेऊन कितीदा आला नाहीत. दुसरी म्हणजे आठवडाअखेरच्या रात्री, गर्दीच्या वेळी, कितीदा उपलब्ध होतात. स्लॉट रद्द करायचा तर चोवीस तास आधी करायचा. ऐकायला हे सगळं वाजवी वाटतं. कुठल्याही कारखान्यात न सांगता दांडी मारणाऱ्याला बोल बसतोच.

घोटाळा कारणांत होता. चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर का केलं हे यंत्रणा विचारत नसे. ताप आला, मूल आजारी पडलं किंवा कायदेशीर संपात भाग घेतला, सगळ्यांना तीच कात्री. यावर तिथल्या कामगार संघटना कोर्टात गेल्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी कोर्टाने निकाल दिला की ही पद्धत अप्रत्यक्ष भेदभाव करते: वेगळ्या परिस्थितीतल्या माणसांना एकाच मापाने मोजून ती संप करणाऱ्यांना आणि आजारी पडणाऱ्यांना मागे ढकलते. कंपनीला ५० हजार युरो भरपाई द्यावी लागली. यंत्रणेला कारणं कळत नव्हती, हा बचाव ठरत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. कारण प्लॅटफॉर्ममध्ये तांत्रिक बिघाड झाला असेल तर तो हिशेबात घेण्याची सोय कंपनीने केलेली होती. म्हणजे डोळे उघडता येत होते. कुठे उघडायचे आणि कुठे मिटायचे, हे कंपनीने निवडलं होतं.

हा खटला मला दोन कारणांसाठी महत्त्वाचा वाटतो. एक, त्यात कुणीही प्रोग्रॅमची एक ओळ वाचली नाही. गुण नेमके कसे काढले जातात हे कंपनीने कोर्टालाही उलगडून दाखवलं नाही. तरीही निर्णय होऊ शकला, कारण प्रश्न साधा होता: आजारपणामुळे न आलेल्याचे गुण कमी होतात का? हो की नाही? दोन, नियमाचा हेतू वाईट असण्याची गरज पडली नाही. परिणाम पुरेसा होता.

आपल्याकडे रायडरच्या हातात असलेल्या प्रश्नांची रचना याच धर्तीवर करावी असं मला वाटतं. 'तुमचा अल्गोरिदम दाखवा' ही मागणी सभेत टाळ्या घेते, पण कंपनीला ती हवीच असते. 'ते व्यावसायिक गुपित आहे' असं एका वाक्याचं उत्तर दिलं की विषय संपतो. आणि समजा दाखवलाच, तर यातला बराचसा भाग मागच्या लाखो ऑर्डरींवरून यंत्राने स्वतः शिकलेला असतो. तो वाचून अमुक रात्री ऑर्डर का पडली नाही, हे तिथल्या अभियंत्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही. त्यापेक्षा ज्यांना हो किंवा नाही, किंवा एखादा आकडा एवढंच उत्तर लागतं, असे प्रश्न विचारावेत.

त्यातला पहिला प्रश्न नकाराचा. ऑर्डर नाकारली तर पुढच्या वाटपावर परिणाम होतो का? होत असेल तर किती दिवस? आणि नकार नेमका कशाला म्हणता? हा शेवटचा भाग लोक विचारत नाहीत आणि तोच सर्वांत उपयोगाचा आहे. ऑर्डर स्क्रीनवर येते तेव्हा उत्तर द्यायला काही सेकंद असतात. त्या वेळात रायडर गाडी चालवत असेल, लिफ्टमध्ये रेंज गेली असेल, किंवा आधीच्या ग्राहकाच्या हातात पिशवी देत असेल, तर वेळ संपते. हा नकार धरला जातो का? हॉटेलाने पदार्थ संपला म्हणून ऑर्डर रद्द केली, तर तो डाग कुणाच्या नावावर? ग्राहकाने फोन उचलला नाही तर? कंपनीचे नियम बनवणाऱ्यांना ही उत्तरं माहीत असतात, ती सांगायला कुठलंही गुपित फुटत नाही.

दुसरा प्रश्न माहितीचा: माझ्याबद्दलच्या कोणत्या गोष्टी वाटपात धरल्या जातात आणि त्यांची आजची नोंद काय आहे? ग्राहकांनी दिलेले तारे फक्त बोनससाठी आहेत की ऑर्डर पडण्यासाठीही? रात्री अकरानंतर लॉगिन न करणाऱ्या बाईला दुपारच्या ऑर्डरीही कमी पडतात का? आणि नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करणारा माणूस कोण, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? चॅटवर येणाऱ्या ठरावीक उत्तरांना माणूस म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न जरा सावकाश बघायला हवा, कारण तो रायडरांच्या मनात सर्वांत खोल रुतलेला आहे. इन्सेंटिव्हचा. दिवसभरात अमुक ऑर्डर पूर्ण केल्या की जादा रक्कम, असं लक्ष्य असतं. आणि 'दोन ऑर्डर उरल्या की सिस्टिम ऑर्डर देणं बंद करते' असं शपथेवर सांगणारे रायडर कोणत्याही शहरात भेटतील.

समजा लक्ष्य २० ऑर्डरींचं आहे. दिवसभर राबलेला माणूस अठरापर्यंत पोचतो तेव्हा रात्रीचे साधारण साडेदहा वाजलेले असतात. नेमकी त्याच वेळी जेवणाची गर्दी ओसरते. त्याच वेळी त्याच्यासारखेच लक्ष्याच्या तोंडाशी आलेले इतर रायडरही हटून ऑनलाइन राहतात. ऑर्डरी कमी आणि माणसं जास्त. कुणीही काही न करता शेवटच्या दोन ऑर्डर लांबणार, हे या मांडणीतच आहे. म्हणून 'माझ्या शेवटच्या दोन ऑर्डर उशिरा पडतात' हा अनुभव कितीही खरा असला तरी तो पुरावा ठरत नाही. पुरावा व्हायचा असेल तर त्याच चौकात, त्याच तासात, लक्ष्यापासून लांब असलेल्या रायडरला किती ऑर्डर पडल्या हे सोबत मांडावं लागेल. साडेदहा ते साडेअकरा या तासात अठरावर अडकलेल्यांना सरासरी एकच ऑर्डर आणि उशिरा लॉगिन केल्यामुळे आठवर असलेल्यांना तीन, असं आठवड्यामागून आठवडे दिसलं, तर मात्र शंकेला वजन येतं.

हे आकडे पुरेशा संख्येने फक्त कंपनीकडे आहेत. म्हणून प्रश्न असा विचारावा: रायडर लक्ष्यापासून किती लांब आहे, ही गोष्ट ऑर्डर वाटताना धरली जाते का? उत्तर 'नाही' असेल तर ते लेखी द्यायला कंपनीला काहीच अडचण नसावी. उलट एक जुनी अफवा मिटेल. लेखी द्यायला अडचण असेल, तर तेही एक उत्तर आहे.

प्रश्न विचारण्याआधी स्वतःची नोंद हवी. स्क्रीनशॉटचा ढीग फारसा कामाला येत नाही. साध्या वहीत चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता कुठे लॉगिन केलं, किती ऑर्डर समोर आल्या, त्यांतल्या किती घेतल्या, किती वेळ रिकामा गेला. त्यावरून लॉगिनच्या दर तासाला किती ऑर्डर समोर आल्या, हा आकडा काढावा. रोजच्या कमाईपेक्षा हा आकडा जास्त बोलतो, कारण कमाईत अंतर, पाऊस आणि टिप मिसळलेल्या असतात. तुलना करायची तर त्याच झोनमधल्या, त्याच वेळेत काम करणाऱ्याशी. रविवारची तुलना रविवारशी. एका वाईट संध्याकाळीवरून काही ठरत नाही. पण पाच-सहा जणांनी काही आठवडे वह्या सारख्या ठेवल्या, आणि एकाचा आकडा नकार दिलेल्या दिवसानंतर दरवेळी खाली जाताना दिसला, तर कंपनीपुढे ठेवायला ठोस काही हातात येतं. हे एकट्याने करण्यात फारसा अर्थ नाही. इम्रानचा फोन पाहिल्याशिवाय संतोषला आपल्याबद्दलही कळत नाही.

आता कायदा कुठे आहे ते बघू. स्पेनने २०२१ मध्ये कंपन्यांना बंधन घातलं की कामाच्या अटींवर परिणाम करणाऱ्या अल्गोरिदमचे निकष कामगार प्रतिनिधींना सांगावेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये उबर आणि आपल्या ओळखीची ओला यांच्या खटल्यांत, आपोआप होणाऱ्या निर्णयांमागची माहिती मागण्याचा चालकांचा हक्क मोठ्या प्रमाणात मान्य केला. व्यावसायिक गुपिताचं कारण सरसकट चालणार नाही असं सांगितलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने कामाचं वाटप करणाऱ्या यंत्रणांबद्दल कामगारांना माहिती देणं बंधनकारक केलं आहे आणि सदस्य देशांना तो अमलात आणायला २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे.

भारतात केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता गिग कामगारांची दखल घेते, पण ती विमा, निधी आणि नोंदणीबद्दल बोलते. ऑर्डर कुणाला आणि का, यावर ती गप्प आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात आपल्याबद्दलच्या माहितीचा सारांश मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. निर्णयाचं कारण मागण्याचा नाही. सर्वांत पुढे गेलं आहे ते शेजारचं कर्नाटक. तिथल्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यानुसार कामाचं वाटप कोणत्या निकषांवर होतं, रेटिंग कसं चालतं, रायडरांची वर्गवारी कशी होते, काम नाकारलं जाण्याची कारणं कोणती, हे सगळं विचारण्याची सोय कंपनीने कामगाराला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायची आहे. कराराच्या अटी बदलायच्या तर चौदा दिवस आधी कळवायचं आहे. अंमलबजावणी कशी होते ते पुढे दिसेलच.

कर्नाटकचा कायदा निपाणीच्या रायडरला लागू आहे आणि तिथून तासाभराच्या अंतरावरच्या कोल्हापूरच्या रायडरला नाही. कोल्हापूरच्या, पुण्याच्या, नागपूरच्या संघटनांनी आपल्या आमदारांकडे ही कलमं घेऊन जावं, आणि त्यात दोन ओळी वाढवून मागाव्यात: नकार कशाला म्हणतात आणि त्याचा परिणाम किती दिवस टिकतो हे लिहून द्या; आणि ऑर्डरची वाट बघण्यात गेलेला वेळ दर महिन्याच्या पेआऊटच्या पावतीवर छापा. तो वेळ कंपनीच्या सर्व्हरवर आधीच मोजलेला असतो.